काळजाचा ठोका: चुकलेला आणि भरकटलेला

मराठीत 'काळजाचा ठोका चुकला' असं आपण अगदी सहज म्हणतो. रिलीजच्या आदल्या रात्री तिसरी कॉफी संपवून स्क्रीनकडे बघत बसलेल्या कुठल्याही इंजिनिअरला हा ठोका खरोखरच चुकताना जाणवलेला असतो. छातीत एकदम मासा उलटल्यासारखं होतं, क्षणभर सगळं थांबतं आणि मग एक दणकट 'धप्प'! मलाही होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा चांगलीच तंतरली होती.

गंमत म्हणजे ह्यात ठोका चुकलेला नसतोच, तो लवकर आलेला असतो. हृदयातली एखादी पेशी रांग मोडून आधीच सिग्नल सोडते. हृदय अजून पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो ठोका दुबळा पडतो आणि जाणवतही नाही. त्यानंतर थोडी विश्रांती होते, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात लागतो. आपल्याला जाणवतो तो हा शेवटचा, नॉर्मल ठोका. डॉक्टर लोक लवकर आलेल्याला एक्टोपिक बीट म्हणतात. धडधाकट माणसाला २४ तास होल्टर मॉनिटर लावून ठेवला तरी असे थोडेफार ठोके सापडतातच.

आता दुसरी गोष्ट. ती दिसायला ह्याच्यासारखी असली तरी जात वेगळी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या फिलिप एटिंगर ह्या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांवर एक पेपर लिहिला. ही सगळी भरपूर पिणारी मंडळी होती आणि विकांत किंवा सुट्टी झाली की हृदयाची लय बिघडून इस्पितळात यायची. त्यांनी ह्याला नाव दिलं 'हॉलिडे हार्ट'. ह्यात बहुतेक वेळा सापडतं ते एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ. हृदयाचे वरचे कप्पे एका तालात आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात, आणि खालच्या कप्प्यांपर्यंत सिग्नल वाटेल तसे पोहोचतात. नंतरच्या अनुभवातून हेही कळलं की त्यासाठी रोज पिणारा असायला लागत नाही, एक जोरदार रात्र पुरते.

मग ओळखायचं कसं? आपल्या लोकांना आवडेल अशी पद्धत म्हणजे लॉग वाचायचा. मनगटावर दोन बोटं ठेवा आणि दुसऱ्या हाताने टेबलावर तोच ताल वाजवा. दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत लिहिलं तर एक्टोपिकचा लॉग साधारण असा दिसेल: ८००, ८००, ५२०, १०८०, ८००, ८००. मधले दोन आकडे बिघडलेत, पण त्यांची बेरीज बघा, १६०० म्हणजे बरोबर दोन ठोक्यांचीच. खालच्या कप्प्यातून आलेल्या एक्टोपिकमध्ये बहुतेकदा असंच होतं. घड्याळ चालूच असतं, फक्त एक एन्ट्री आधी पडलेली असते. त्यामुळे तुम्ही टेबलावर ताल धरू शकता.

एएफचा लॉग असा: ४१०, ६२०, ३६०, ४८०, ५७०, ३९०. वेग मिनिटाला साधारण १२७, आणि पॅटर्न शून्य. पुढचा ठोका कधी येणार ह्याचा अंदाजच लागत नाही. टेबलावर वाजवायला गेलात की हात अडखळतोच. शिवाय काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून नाडी मोजली तर वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो.

अर्थात ही चाचणी ढोबळ आहे. एकापाठोपाठ एक एक्टोपिक येत असतील तर बोटं फसतात. उलट, पिऊन नुसती धडधड वाढली असेल तर नाडी जलद पण नियमित असते, आणि पार्टीनंतर हेच जास्त वेळा होतं. शेवटचा निकाल ईसीजीचाच. घड्याळातला ईसीजी कामाचा आहे, पण तो धडधड चालू असतानाच काढून सेव्ह करायला हवा. नंतर डॉक्टरांना नुसतं वर्णन सांगून भागत नाही.

आमच्या टीममधल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. त्याला पक्या म्हणू, वय २९. शनिवारी रात्री पार्टी, पाच-सहा पेग, तेही बरेचसे एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून. दोनला झोपला. रविवारी साडेआठला उठून पाणी प्यायला आणि धडधड सुरू झाली. मला फोन. "अरे, ते एनर्जी ड्रिंक नडलं बहुतेक. कॅफीन उतरलं की होईल ठीक." मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. नाडी बघितली तर ताल धरताच येईना. जिना उतरताना त्याला धाप लागली, तसं थेट इमर्जन्सी गाठली. ईसीजीत एएफ निघालं. सलाईन, वेग कमी करणारं औषध, पोटॅशियम आणि थायरॉइडच्या तपासण्या, मग इको. संध्याकाळी चारच्या सुमारास लय आपली आपण जागेवर आली. इको नॉर्मल होता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नक्की कधी सुरू झालं?" कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि शॉक देऊन लय परत आणायची की आधी रक्त पातळ करायचं, हे बऱ्याच अंशी त्या वेळेवर ठरतं. पक्याला साडेआठ हे पक्कं आठवत होतं, ते उपयोगी पडलं.

आता पक्याचा कॅफीन-सिद्धांत. २०२३ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन प्रयोगात १०० जणांना दोन आठवडे रोज मेसेजने सांगितलं जायचं, आज कॉफी प्या किंवा आज नको. कॉफीच्या दिवशी खालच्या कप्प्यांचे एक्टोपिक ठोके सरासरी १५४, बिनकॉफीच्या दिवशी १०२. म्हणजे तुमचा 'धप्प' कॉफीने वाढू शकतो, हे खरं. पण वरच्या कप्प्यांच्या एक्टोपिकमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि एएफची ठिणगी बहुतेकदा वरूनच पडते. पुढे २०२५ मध्ये शॉक देऊन एएफ थांबवलेल्या २०० रुग्णांची चाचणी आली. सहा महिन्यांत कॉफी पिणाऱ्या गटात ४७ टक्क्यांना एएफ किंवा तशीच लय परतली, सोडणाऱ्यांत ६४ टक्क्यांना!

दारूचं उलट आहे. २०२१ मधल्या अभ्यासात, अधूनमधून एएफ येणाऱ्या १०० जणांच्या घोट्याला दारूचा सेन्सर आणि छातीला ईसीजी मॉनिटर लावला होता. एका ड्रिंकनंतरच्या चार तासांत एएफची शक्यता साधारण दुप्पट, दोन किंवा जास्त ड्रिंक्सनंतर तिपटीहून अधिक. आणि धोका फक्त पिताना नसतो. दारू उतरताना, अपुऱ्या झोपेत आणि कोरड्या पडलेल्या शरीरात लय बिघडते, म्हणून फोन रविवारी सकाळी येतो.

मग एनर्जी ड्रिंक निर्दोष का? भारतातल्या नियमाप्रमाणे त्यात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५, एका कॉफीएवढं. (अर्थात कॉफीचे निकाल तीन कॅन घटाघट पिणाऱ्याला लागू करू नयेत.) खरी गोम मिसळण्यात आहे. कॅफीन झिंगेची गुंगी लपवतं, रक्तातली दारू कमी करत नाही. तिसऱ्या पेगला डोळे मिटायला हवेत तिथे माणूस सहाव्यापर्यंत पोचतो. पक्याला नडली ती दारूच, कॅनने फक्त तिला वाट करून दिली.

असो. एखाददुसरा 'धप्प' आणि मग ताल जागेवर, तर झोपा निवांत. पण तेच रोज, दिवसभर होत असेल तर एक ईसीजी काढून घ्या. ताल काही मिनिटांत सापडलाच नाही, तर वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा चक्कर असेल तर लगेच इमर्जन्सी. आणि तिथे किती प्यायलो ते खरं सांगा, पेग मोजून.