डेबिट नोटेला उत्तर : काही टिपणे

शिरोली एमआयडीसीतली एक लहान फाउंड्री. माल बेअरिंग हाउसिंगचा : ग्रे आयर्न, एफजी २६० ग्रेड, नगाचं वजन सहा किलो, दर ६०० रुपये. जून २०२५ मध्ये पुण्याकडच्या एका कंपनीला ८०० नग गेले. बिल ४,८०,००० चं, वर १८ टक्के जीएसटी ८६,४००, एकूण ५,६६,४००. बँकेत जमा झाले ४,५१,४४०. उरलेले १,१४,९६० ‘क्वालिटी रिजेक्शन’ म्हणून कापलेले. हरकतीचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या वेळच्या वहीतली ही टिपणं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

•

मालकांनी स्वतः केलेला मसुदा दोन पानी होता. आमचा माल किती चांगला, आमच्याकडे कोणती सर्टिफिकेटं आहेत, इतकी वर्षं कधी तक्रार नाही, आणि हे असं वागणं शोभतं का. एकूण एक वाक्य खरं असेल, पण कामाचं एकही नाही. पत्र उघडणार बिल पास करणारा माणूस. त्याच्यापुढे डेबिट नोटेचा एक नंबर आहे, आणि ती नोंद उलटवायची तर वरिष्ठांना दाखवायला त्याला कारण हवं. ‘आमचा माल चांगला असतो’ हे कारण तो कुठल्या रकान्यात भरणार?

•

डेबिट नोट एका ओळीची : “क्यूए रिजेक्शन, ब्लो होल, १२० नग.” रक्कम फोडून पाहिली. १२० नगांचे ७२,०००, त्यावरचा जीएसटी १२,९६०, आणि वर मशिनिंगचा खर्च नगामागे २५० प्रमाणे ३०,०००. बेरीज बरोबर. पण हे १२० नग आले कुठून?

परचेसवाल्यांना फोन केला. “साहेब, सिस्टीममधनं आपोआप कट झालंय, क्यूएला विचारा.” क्यूएवाल्यांनी मेलवर एक तक्ता आणि तीन फोटो पाठवले. २० नग मशिनिंगनंतर तपासले, ३ खराब निघाले. म्हणजे १५ टक्के. ८०० चे १५ टक्के १२०. म्हणजे ११७ नग कुणी पाहिलेलेच नाहीत. ते गुणाकारातून आलेत.

•

सॅम्पलिंगचा हा गैरवापर इतका सर्रास चालतो की पुरवठादारालाही त्यात वावगं वाटत नाही. आयएस २५०० चा तक्ता पाहा. ८०० च्या लॉटला नेहमीच्या पातळीवर ८० नग तपासायचे. एक्यूएल १.० ठरलेला असेल तर २ खराब नगांपर्यंत लॉट पास, ३ निघाले की नापास. तक्त्यातून निर्णय एवढाच निघतो : लॉट घ्या किंवा नाकारा. नाकारला तर माल परत करा, नाहीतर शंभर टक्के तपासून खराब नग वेगळे काढा. सॅम्पलच्या टक्केवारीनं बिल कापा, असं त्यात कुठंही नाही.

शिवाय वीस नग म्हणजे फारच थोडे. विसात तीन खराब निघाले, तर लॉटमधलं खरं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासही असू शकतं आणि अडतीसच्या जवळही. हे गणित नमुना सगळ्या लॉटमधून सरमिसळ करून उचलला असेल तर. इथे वीसही नग एकाच क्रेटमधले होते, आणि एका क्रेटमध्ये बहुतेक वेळा एकाच दिवसाच्या ओतकामाचा माल असतो.

•

फोटो मोठे करून पाहिले. अशा वेळी भिंगाखाली तासभर गेला तरी हरकत नाही.

पहिल्या दोन नगांत बोअरच्या आत गुळगुळीत, चकचकीत भिंतीचं भोक. गॅस अडकल्याची हीच खूण. मोल्डमध्ये ओल राहिली, कोअर नीट भाजला गेला नाही किंवा व्हेंट बुजला की असं होतं. हा कास्टिंगचाच दोष, त्यात वाद नाही. वाळूचा कण अडकला असता तर खड्डा खडबडीत दिसला असता; आकुंचनाचा असता तर जाड भागात, आतून काटेरी. हे दोन नग आमचेच, आणि आमचीच चूक.

तिसऱ्या नगातही भोक आहे. पण फ्लँजवरचा उठावाचा हीट कोड वाचता येतो, आणि तो या चलनातल्या पाच हीटपैकी एकही नाही. तो नग मार्चच्या डिस्पॅचमधला. डिस्पॅच रजिस्टर, हीट रजिस्टर आणि बिलासोबत गेलेलं टेस्ट सर्टिफिकेट तिन्ही काढून बघितली, तिन्ही जुळली.

हीट कोड बारीक अक्षरात उठवला की तो मशिनिंगमध्ये जातो किंवा शॉट ब्लास्टिंगमध्ये पुसट होतो. तो मशिनिंग न होणाऱ्या पृष्ठभागावरच हवा. या फाउंड्रीनं ते केलं होतं, म्हणून पत्राला पाय मिळाले.

•

तारखा. माल ७ जूनला पोहोचला, जीआरएन त्याच दिवसाचा. पैसे ४५ दिवसांत, म्हणजे २२ जुलैपर्यंत. डेबिट नोट २१ जुलैची. मधल्या काळात एकही लेखी तक्रार नाही, रिजेक्शन चलन नाही, ८डी मागवलेला नाही.

एमएसएमईडी कायदा, २००६. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी मुदत तिथून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्या जुलैत बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे व्याज १७.२५ टक्के. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना. मध्यम उद्योगांना नाही. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असलेली बरी, नाहीतर वाद तिथूनच सुरू होतो.

इथे एक सावधगिरी. अनेक वकिली नोटिशींत लिहिलेलं असतं की १५ दिवस गेले, आता तुमचा दावाच संपला. मी तसं लिहीत नाही. त्या पंधरा दिवसांनी पैशांची मुदत ठरते. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल स्वीकारल्यावर तो नाकारण्याचा हक्क जातो, पण दोषामुळे झालेलं नुकसान किमतीतून वजा मागण्याचा हक्क उरतो. ब्लो होल आतला दोष आहे, टूल लागल्याशिवाय दिसत नाही, हे समोरचा म्हणणारच आणि ते रास्तच आहे. म्हणून पत्राचा जोर ‘उशीर झाला’ यापेक्षा ‘नुकसान दाखवा’ यावर हवा. दोन नगांचं दाखवलंत, ते घ्या. उरलेल्या ११८ चं काय?

•

जीएसटीचा मुद्दा लहान, पण चिमटा नेमका बसतो. पुरवठादारानं ८६,४०० चा पूर्ण कर आधीच भरलेला आहे. खरेदीदाराच्या डेबिट नोटेनं तो कमी होत नाही. त्यासाठी पुरवठादाराची क्रेडिट नोट लागते. म्हणजे समोरच्यानं १२,९६० कापले आणि पूर्ण बिलाचं इनपुट क्रेडिटही घेतलं असेल, तर तो कर दोन्हीकडून त्याच्याच खिशात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत न दिलेल्या रकमेवरचं क्रेडिट उलटवावं लागतं. पत्रात एकच प्रश्न घातला : कापलेल्या रकमेवरचं इनपुट क्रेडिट उलटवलं आहे का, असल्यास कोणत्या महिन्यात? हा प्रश्न परचेसकडे राहत नाही, थेट टॅक्सच्या टेबलावर जातो.

•

पत्राचा गाभा असा झाला :

“आपली २१ जुलैची डेबिट नोट आम्हाला मान्य नाही, खालील मर्यादेपुरती सोडून. फोटो क्र. १ आणि २ मधले दोन नग सदोष असल्याचं आम्ही मान्य करतो. त्यांची किंमत करासह १,४१६ रुपये आणि मशिनिंगचे ५०० रुपये, एकूण १,९१६ रुपये आमच्या खात्यातून वजा करावेत. १,४१६ ची क्रेडिट नोट सोबत आहे. फोटो क्र. ३ मधल्या नगावरचा हीट कोड या बिलातला नाही. हीट रजिस्टरची प्रत जोडली आहे. उरलेले ११७ नग आपल्याकडे वेगळे ठेवले असल्यास संयुक्त तपासणीसाठी आमचा माणूस आपण सांगाल त्या दिवशी येईल. ते मशिनिंग करून वापरले असल्यास वजावटीला आधार उरत नाही. ते भंगारात काढले असल्यास तारीख, वजन आणि मिळालेली रक्कम कळवावी. मिळालेले ४,५१,४४० रुपये आम्ही अंशतः रक्कम म्हणून, हक्क राखून जमा केले आहेत. बाकी १,१३,०४४ रुपये आणि त्यावर २३ जुलैपासून कायद्यानुसार व्याज देय आहे.”

भंगाराचं वाक्य मुद्दाम घातलं. १२० नगांचं वजन ७२० किलो. एवढं बीड आम्हाला न विचारता विकलं असेल, तर माल आपला समजूनच विकलं असणार. आणि विकलंच नसेल, तर ते कुठंतरी दिसायला हवं. तिन्ही शक्यता मांडल्या की समोरच्याला त्यांतली एक निवडावीच लागते.

पीओच्या मागच्या पानावर सदोष कास्टिंग बदलून देण्याची अट होती, मशिनिंगच्या खर्चाबद्दल अवाक्षर नव्हतं. मालक म्हणाले, मग ते पाचशे तरी का द्यायचे? दिले ते बरं झालं, असं मला अजून वाटतं. टूल लागल्यावरच दिसणाऱ्या दोषात मशिनिंग वाया जाणं हे सरळ नुकसान आहे. आणि पाचशे रुपये स्वतःहून मान्य करणाऱ्याचं बाकीचं म्हणणं वाचणारा जरा नीट वाचतो.

•

अकाउंटंटच्या दोन सवयी अशा प्रकरणात घात करतात. खातं जुळावं म्हणून मार्चमध्ये पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढणं, म्हणजे १२० नग सदोष होते याची लेखी कबुली. आणि वर्षअखेरीला येणारं बॅलन्स कन्फर्मेशन न वाचता सही करून परत पाठवणं. त्यात वजावट आधीच धरलेली असते. सही करायचीच, तर वादातली रक्कम वेगळी दाखवून.

•

पत्र रजिस्टर पोस्टानं आणि मेलनं, परचेस, क्यूए आणि अकाउंट्स तिघांनाही गेलं. फॅसिलिटेशन कौन्सिलचा उल्लेख शेवटी, एका ओळीत, धमकीचा सूर न लावता. तो रस्ता काय आहे हे मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सला ठाऊक असतं : कौन्सिलचा निर्णय विरुद्ध गेला, तर त्याला आव्हान देताना ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

•

संयुक्त तपासणी झालीच नाही, कारण वेगळे ठेवलेले नग नव्हतेच. सगळे मशिनिंग होऊन लाइनवर गेले होते. ऑक्टोबरमध्ये १,१३,०४४ जमा झाले. व्याजाबद्दल मौन. तीन महिन्यांचं ते पाच हजारांच्या आत होतं. पुढच्या तिमाहीचं शेड्यूल हातात असल्यानं मालकांनी सोडलं, आणि ते मला पटलं. बदल्यात त्यांनी नव्या पीओत दोन ओळी घालून घेतल्या : रिजेक्शन हीट कोडसह लेखी कळवायचं, आणि नग दाखवल्याशिवाय डेबिट काढायचं नाही.