चार आठवड्यांची बेरीज

हार्मोनियमच्या प्राथमिक पलट्यांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, त्याला अठ्ठावीस दिवस झाले होते. स्टुडिओत आकडा दिसला: व्ह्यूज १,२३६. एवढी माणसं माझ्याकडून शिकतायत, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. सकाळी खालच्या ओळीत 'युनिक व्ह्यूअर्स ४१२' दिसलं आणि काही कळेनासं झालं. बाकीचे आठशे गेले कुठे?

वही काढली. दर आठवड्याचे व्ह्यूज लिहिले: २८०, ३१०, ३३०, ३१६. बेरीज बरोबर १,२३६. मग तसेच युनिक व्ह्यूअर्स मांडले: १७०, १८५, १९०, १८५. बेरीज ७३०, आणि स्क्रीनवर मात्र ४१२. मी तीनदा बेरीज केली. यंत्रच चुकतंय असं वाटलं.

उलगडा झाला तो माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. ती म्हणाली, "ताई, तो पलट्यांचा भाग मी नेहमी रियाजाला लावते." मग तिला एकटीलाच मोजून पाहिलं. सोमवारी फोनवर, बुधवारी टॅबवर, शुक्रवारी पुन्हा फोनवर: व्ह्यूज तीन, माणूस एक. पुढच्या आठवड्यातही ती आली, म्हणून त्या आठवड्यातही ती एक. चारही आठवडे आली तर माझ्या वहीत ती चार झाली, पण अठ्ठावीस दिवसांच्या हिशोबात एकच. व्ह्यूजची बेरीज करता येते, माणसांची नाही. ज्या मुदतीचा आकडा हवा, ती मुदत निवडूनच तो पाहायचा. १,२३६ ला ४१२ ने भागलं तर दरमाणशी तीन व्ह्यूज येतात. शिकवणीच्या व्हिडिओला हे मला फार मोलाचं वाटतं.

अर्थात ४१२ म्हणजे हजेरीपट नव्हे, तो अंदाज आहे. एकाच माणसाचे फोन आणि टॅब जुळवायचे, एका टीव्हीसमोर बसलेली वेगवेगळी माणसं ओळखायची, लॉगिन न करता पाहणारेही धरायचे. अचूक मोजणी यातून निघणार कशी?

'रीच'ने मात्र आणखी गोंधळ घातला. इन्स्टाग्रामवर याच व्हिडिओचा तुकडा टाकला होता, तिथे रीच २,१५०. म्हणजे तेवढ्या वेगवेगळ्या खात्यांच्या स्क्रीनवर तो किमान एकदा आला. यूट्यूबच्या रीच टॅबमध्ये मात्र इम्प्रेशन्सही दिसतात, आणि तिथे माणसं मोजलेली नसतात: थंबनेल निम्मं तरी, एका सेकंदाहून जास्त वेळ दिसलं की एक इम्प्रेशन. त्याच मुलीला ते पाच वेळा दिसलं तर पाच. आणि मी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक त्यात येतच नाही, तिच्यावरून आलेले व्ह्यूज मात्र व्ह्यूजच्या आकड्यात धरले जातात.

आता वहीत दोनच रकाने आहेत, माणसं आणि दरमाणशी व्ह्यूज. पुढचे पलटे मी मुद्दाम संथ लयीत वाजवून ठेवलेत, रोज लावता येतील असे.