पहिल्या आठवड्याची चिठ्ठी

सोमवार, रात्री. वडप्याच्या गोदामात माझा पहिला दिवस. सकाळी अकरा जणांना एकच ओळ पाठवली होती : ‘उद्या केबिनमध्ये भेटा.’ दुपारी पॅकिंगच्या ताई हळूच विचारत आल्या, “सर, माझं काही चुकलं का?” मनाला लागलं. कारण न सांगता बोलावलं की माणूस आधी नोकरीचा विचार करतो.

आत्ता चिठ्ठी नव्याने लिहिली, प्रत्येकाला नावानिशी : ‘ही तपासणी नाही. मला तुमचं काम समजून घ्यायचंय. पंचवीस मिनिटं बोलू. वेळ तुम्ही सांगा, ती ड्यूटीतच धरली जाईल. दोनच प्रश्न आहेत : काम कुठे अडतं? आणि काय बदलू नये? घरचं सांगायलाच हवं असं नाही.’

रात्रपाळीवाल्यांना पाळी सुरू होताना भेटेन. सकाळी सुटल्यावर थांबवलं तर नाशिक हायवेच्या गर्दीत त्यांची झोप जाईल. जागाही बदलली. काचेच्या केबिनमध्ये सगळ्यांच्या नजरा असतात, म्हणून कॅन्टीनचा कोपरा, गर्दी नसताना.

एक वाक्य मात्र खोडलं : ‘सगळं गुपित राहील.’ फोर्कलिफ्टचा ब्रेक लागत नाही असं कुणी सांगितलं, तर मला गप्प बसता येणार नाही. त्याऐवजी लिहिलं : ‘तुमचं काही पुढे कुणाला सांगायचं झालं, तर आधी तुम्हाला विचारेन. धोक्याची गोष्ट असेल तर मात्र सांगावीच लागेल.’