उधारीच्या वहीचं शेवटचं पान

पहिली गोळी घेतल्याला तीन तास झाले असतील, धाकट्याचा फोन आला. "ताई, धडधड वाढली की गं! भीती जायची गोळी दिलीय का यायची?"

पाथर्डीत त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. निम्मी उधारी कपाशीच्या भरवशावर, त्यामुळं पाऊस लांबला की याची झोप उडणार हे ठरलेलं. पण गेल्या वर्षी पाऊस चांगला होऊनही झोप आली नाही. छातीत धडधडतंय म्हणून त्याला करंजी घाटातून दोनदा नगरला नेलं. दोन्ही वेळा ईसीजी साफ, थायरॉईडही ठीक. शेवटी फिजिशियननीच मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. निदान झालं चिंताविकाराचं. चिठ्ठीवर दोन नावं होती. एस्सिटालोप्राम सकाळी नाश्त्यानंतर, आठवडाभर 5 मिलिग्रॅम आणि मग 10. रात्री क्लोनाझेपाम 0.25, तेही दोनच आठवडे.

दोन का, तर पहिलीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कुणाला सहाही. दुसरी लगेच शांत करते, पण तिची सवय लागते, म्हणून ती थोडे दिवसच. सुरुवातीला बेचैनी वाढू शकते, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या कानात निम्मंच शिरतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला घेतलं. कल्पना माझी, अक्षर त्याचं. "दिवस 2. दहाला मळमळ, बारापर्यंत. जांभया फार." "दिवस 3. पोट बिघडलं. डोकं जड." मळमळीचं कारण त्या पानानंच सापडलं: गोळी सहा वाजता, नुसत्या चहावर. नाश्त्यानंतर म्हणजे याच्या हिशेबी चहानंतर! भाकरी खाऊन घ्यायला लागल्यावर मळमळ निम्म्यानं उतरली आणि आठव्या दिवशी नोंदीतून गेली. गोळी डोक्यासाठी असली तरी ती ज्या सेरोटोनिनवर काम करते, त्याचा बहुतेक साठा आतड्यात असतो. म्हणून आधी पोट कुरकुरतं.

खरी गडबड झाली बाराव्या दिवशी. पन्नास किलोची गोणी उचलताना कंबर धरली. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, दोन घेतल्या. रात्री अंगाला दरदरून घाम, हात थरथर, जुलाब, एका जागी बसवेना. तो म्हणाला, भीतीचाच झटका. मला ते पटलं नाही, कारण झटका अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच या, आणि घरात असतील तेवढ्या स्ट्रिपा घेऊन या."

त्यांनी आधी ताप पाहिला, मग गुडघ्यावर हातोडी मारली. पाय जरा जास्तच उडाला. मग कंबरेच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली: त्यात ट्रॅमाडॉल होतं. तेही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही एकत्र आल्यावर शरीरात त्याचा अतिरेक झाला होता. ट्रॅमाडॉल बंद केलं, काही तास देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या संध्याकाळी तो सावरला. सोबत जोराचा ताप, अंग ताठरणं किंवा बडबड असती तर थेट अतिदक्षता विभाग, असं डॉक्टर म्हणाले. कंबरेसाठी पॅरासिटामॉल दिली. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, कारण एस्सिटालोप्रामबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.

चौथ्या आठवड्यात वहीत एक ओळ लिहून खोडलेली दिसली. मी विचारलं नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनीच मला म्हटलं, "ताई, पाच मिनिटं बाहेर बसता का?" नंतर धाकट्यानं एवढंच सांगितलं, की नवरा-बायकोतल्या तक्रारी या गोळीनं पुष्कळांना होतात आणि त्यावर उपाय असतो. लाजेपायी कितीतरी जण हे न बोलता गोळीच सोडतात. अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि वाटतं आजारच परतला.

सहाव्या आठवड्यातली नोंद आहे: "रात्री साडेदहा ते पाच झोप. वसुलीला गेलो. धडधड नाही." डॉक्टरांनी गोळी कमी केली नाही. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालवायची आणि मग हळूहळू उतरवायची, असं ठरलंय.

तुमच्या घरात कुणाला ही गोळी सुरू होणार असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा: चालू असलेली प्रत्येक गोळी, काढे-चूर्णंसुद्धा, दारू, हृदयाचा त्रास, गरोदरपण, आणि घराण्यात कुणाला उन्मादाचे झटके येत होते का. पहिल्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत, जीव द्यायचे विचार आले किंवा तगमग भलतीच वाढली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते भेटले नाहीत, तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रीही फोन उचलते, आणि मराठीत बोलते.