वाकलेला खिळा आणि आजोबांची तारीख

आमच्या हुडकेश्वरच्या घरात एक सागवानी फळी बरेच दिवस भिंतीला टेकून उभी होती. इंदोऱ्यातलं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा दाराच्या दोन फळ्यांपैकी एक आम्ही सोबत आणली. दुसरी वाळवीनं खाल्ली होती. ही फळी साडेचार फूट लांब, दीड इंच जाड आणि अंगानं निरोगी होती. वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला टेबल हवं होतं. बसायला मुलं होती, बाकही होते, फक्त टेबल नव्हतं. ही फळी द्यायची असं आम्ही घरात ठरवलं.

अडचण खिळ्यांची होती. फळीत एकूण सात खिळे होते. त्यातले सहा दाराच्या आडव्या पट्ट्यांचे. सातवा वरच्या डाव्या कोपऱ्यात होता, तीन इंची, चांगला जाड. तो आजोबांनी ठोकला होता. दीक्षेहून घरी परतल्यावर त्यांनी बाबासाहेबांचा फोटो दारावर लावायचं ठरवलं. सागवान कडक, खिळा अर्ध्यात वाकला. दुसरा खिळा घरात नसावा. त्यांनी तोच वाकडा खिळा कसाबसा आत घातला, बाहेर राहिलेला इंचभर भाग आडवा केला आणि त्यावर फोटो टांगला. खिळ्याच्या उजवीकडे तापलेल्या सळईनं त्यांनी ‘जय भीम’ उमटवलं आणि खाली ‘१४-१०-५६’. आजोबा चौथीपर्यंतही शिकलेले नव्हते. अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण तारीख अचूक आहे.

टेबलावर वाकडा खिळा ठेवता येत नाही. मुलांच्या बाह्या फाटतील, हात कापतील. तो काढणं भाग होतं. आणि काढताना फळीवर ओरखडा पडला तर तो रंधा मारून घालवता येणार नव्हता, कारण रंध्यासोबत तारीखही गेली असती.

आमच्या मोठ्या मुलानं रविवारी सकाळी हातोडी घेतली. क्लॉ हॅमर म्हणून दुकानात मिळते तीच, एका बाजूला ठोकायचं तोंड, दुसऱ्या बाजूला मधोमध चीर असलेला वाकडा पंजा. सुदैवानं त्यानं सुरुवात खालच्या साध्या खिळ्यापासून केली. पंजात खिळ्याचा माथा अडकवला आणि दांडा जोरात मागे ओढला. खिळा निघाला. पण हातोडी जिथं टेकली होती तिथं नखाच्या आकाराची अर्धचंद्र खोक पडली. दुसऱ्या खिळ्याला त्याहून वाईट झालं. तो ओढताना काडकन आवाज आला आणि फळीच्या मागच्या बाजूचा बोटभर लांबीचा ढलपा निघून आला.

त्याच वेळी शेजारचे काकाजी फाटकात उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं आहे.

‘जय भीम काकाजी, या ना,’ आम्ही म्हणालो.

‘जय भीम. अरे बाप्पा, हातोडी खाली ठेव आधी,’ ते मुलाला म्हणाले. ‘फळी उलटी करून पाहिली का तुम्ही?’

आम्ही पाहिली नव्हती. फळी उलटी केली आणि ढलप्याचं कारण दिसलं. जुन्या दारांचे खिळे आरपार ठोकून त्यांचं टोक मागून वाकवत, म्हणजे दार रोज आपटलं तरी खिळा सुटत नसे. असा खिळा समोरून ओढला की मागचं वाकलेलं टोक आकड्यासारखं लाकूड फाडत येतं. आजोबांच्या खिळ्याचं टोकही मागून अर्धा इंच बाहेर आलेलं होतं आणि आडवं केलेलं होतं. म्हणजे तो खिळा दोन्हीकडून वाकलेला होता.

‘आता खोक कशामुळे पडली ते पाहा,’ काकाजी म्हणाले. त्यांनी दांड्याच्या मुठीपासून हातोडीच्या टेकूपर्यंत वीत ठेवून अंतर मोजलं. ते सुमारे तीस सेंटिमीटर भरलं. टेकूपासून खिळ्यापर्यंतचं अंतर जेमतेम तीन सेंटिमीटर होतं. दहाला एक असं हे प्रमाण. हातानं दहा किलोचा जोर लावला की खिळ्यावर शंभर किलोची ओढ बसते. आपल्याला आनंद होतो की थोड्या ताकदीत काम झालं. पण खिळा जेवढ्या जोरानं वर ओढला जातो, तेवढ्याच जोरानं हातोडीची गोल पाठ लाकडात दाबली जाते. शंभर किलो, आणि तेही नखाएवढ्या जागेवर. सागवान झालं तरी दबणारच.

लाकडाच्या ठोकळ्याचं काम इथं आहे. हातोडीखाली दोन इंच रुंद आणि तीन इंच लांब सपाट ठोकळा ठेवला की तेच वजन नखाएवढ्या जागेऐवजी सहा चौरस इंचांवर पसरतं. ठोकळा दबेल, फळी दबणार नाही. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं आहे, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. खिळा जसजसा वर येतो तसतशी हातोडी मागे लवंडते, टेकू खिळ्यापासून दूर सरकतो आणि ओढ सरळ वर न राहता तिरपी होते. तिरप्या ओढीनं सरळ खिळाही वाकतो आणि भोकाची कड फाटते. ठोकळ्यानं टेकूच उंच केला की ओढ पुन्हा उभी होते.

आजोबांच्या खिळ्याच्या डावीकडे आणि वर फळीची कड होती, आणि डाव्या कडेला बारीक चीर गेलेली होती. तिथं जोर दिला तर कोपराच तुटला असता. उरल्या दोन बाजू, एकीकडे ‘जय भीम’, दुसरीकडे तारीख. म्हणजे ठोकळा अक्षरांवरच ठेवावा लागणार होता. मुलाचा चेहरा उतरला. काकाजी म्हणाले, ‘पसरलेल्या वजनानं अक्षराला काही होत नाही. खड्यानं होतं.’ त्यांनी तो भाग सुती फडक्यानं पुसायला लावला, कारण ठोकळ्याखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो लाकडात रुतून बसतो. मग आम्ही जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून अक्षरांवर ठेवला.

पहिलं काम मागून. फळी दोन पट्ट्यांवर पालथी ठेवली, खिळ्याचा माथा खाली मोकळा राहील अशी. वाकलेलं टोक पकडीनं धरून हळूहळू उभं केलं. एकदम वाकवलं तर गंजलेला खिळा तुटतो, म्हणून दोन-तीन खेपांत. मग एका जाड खिळ्याचं टोक घासून सपाट केलं, ते या टोकावर ठेवलं आणि हातोडीनं लहान लहान ठोके दिले. टोक लाकडाच्या पातळीला येईपर्यंत. गंजाची पकड सुटल्याचं आवाजावरून कळतं. आधी ठोका घट्ट लागतो, मग ‘टक्’ होऊन खिळा सरकतो. अर्धा इंच त्यानं समोरच्या बाजूला दिला.

फळी पुन्हा सुलटी केली. समोरचा वाकलेला भाग आडवा पडलेला होता. त्याच्याखाली डब्याच्या पत्र्याची पट्टी सरकवली, म्हणजे पकडीचा ओठ लाकडाला लागणार नाही, आणि तो भाग पकडीनं उभा केला. पूर्ण सरळ झाला नाही. काकाजी म्हणाले, ‘बाहेरचा वाक राहू दे. आतला खिळा कोणत्या दिशेनं गेला आहे ते पाहा, ओढ त्या दिशेची पाहिजे.’ खिळा किंचित डावीकडे कललेला होता. उजवीकडे टेकू ठेवला तर ओढ नेमकी उलट आली असती. म्हणून ठोकळा खाली, तारखेवर.

इंचभर जाडीचा ठोकळा खिळ्यापासून दोन दोरे अंतरावर ठेवला. पंजा माथ्याखाली घट्ट सरकवला. हातोडीचा दांडा सुरुवातीला खिळ्याच्या बाजूला थोडा झुकलेला होता. मुलानं तो झटका न देता ओढला. दांडा सरळ उभा झाला आणि मागे लवंडू लागला, तसे काकाजी म्हणाले, ‘बस, थांब.’ इथंच बहुतेकांचा मोह होतो, आणखी थोडं ओढावं. थांबायचं, हातोडी काढायची आणि ठोकळ्यावर अर्ध्या इंचाची फळकुटी चढवून पुन्हा पहिल्यासारखं लावायचं. असं तीन वेळा केलं. प्रत्येक वेळी खिळा सुमारे अर्धा इंच वर आला. शेवटचा टप्पा हातोडीनं नाही, पकडीनं. खिळा धरून किंचित फिरवत सरळ वर उचलला.

पुठ्ठा उचलला तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पुठ्ठ्यावर ठोकळ्याच्या कडेची रेघ होती. फळीवर काही नव्हतं. तारीख होती तशी.

मुलाच्या हातून पडलेली खोकही काकाजींनी उचलून दाखवली. त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री काही सेकंद टेकवली, तीन-चार वेळा. दबलेल्या रेषा पाणी आणि वाफ पिऊन फुगल्या आणि खोक जवळजवळ सपाट झाली. मागच्या ढलप्याला मात्र इस्त्री चालली नाही. दबलेलं लाकूड परत येतं, तुटलेलं येत नाही. तो ढलपा जपून ठेवला होता म्हणून फेव्हिकॉल लावून, दोरीनं आवळून रात्रभर ठेवून बसवला. जोड दिसतो.

उरलेले चार खिळे मुलानं एकट्यानं काढले. प्रत्येक वेळी आधी फळी उलटी केली.

आता ती फळी विहाराच्या अभ्यासिकेत आहे, चार पायांवर. सहा भोकं आम्ही सागवानाच्या बारीक खुंट्या ठोकून बुजवली. सातवं ठेवलं. तारखेशेजारी भोक कशाचं, असं एखादं मूल विचारतं, आणि सांगायला आमच्याकडे गोष्ट आहे.