अकरा रुपयांचा प्रश्न

हॉटेलातले बिल बडीशेपेच्या बशीखाली अर्धवट दडून येते, यात मला नेहमीच काहीतरी हेतू दिसत आला आहे. भरल्या पोटी माणूस उदार होतो, आणि पाहुण्यांसमोर तर तो बिलाची शेवटची ओळ सोडून दुसरे काही वाचीतच नाही. बेरीज तपासणे म्हणजे आपल्या ऐपतीला बट्टा, अशी आपली एक समजूत आहे. पण अलीकडे हे बिल बशीतून उठून फोनवर आले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट रिकामे आणि डोके थंड असताना, कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'प्रत्येकी इतके.' हिशेब तपासायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

सासूबाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले, त्या दिवशी तिन्ही घरची मंडळी बाहेर जेवली. पैसे माझ्या मेहुण्याने भरले आणि सकाळी बिलाचा स्क्रीनशॉट पाठवला. पनीरच्या दोन भाज्या 680 रुपये, डाळ 240, बारा रोट्या 420, जिरा राइस 420, सहा सोलकढ्या 360, पाण्याच्या दोन बाटल्या 80. एकूण 2,200. त्याखाली सीजीएसटी अडीच टक्के, 55 रुपये. एसजीएसटी अडीच टक्के, 55 रुपये. त्याखाली हॉटेलच्या वर्धापनदिनाची दहा टक्के सूट, 220 रुपये. आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत 2,090. तीन घरांत वाटले की प्रत्येकी 696 रुपये 67 पैसे.

आता ही बेरीज कुणीही करून पाहावी. 2,200 अधिक 110, वजा 220, म्हणजे 2,090. आकडा बरोबर आहे! बहुतेक लोक इथेच थांबतात. पण बेरीज बरोबर असणे वेगळे आणि बिल बरोबर असणे वेगळे.

मी बिल वाचतो ते खालून वर. सध्या साध्या हॉटेलात जेवणावर कर पाच टक्के. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. म्हणजे प्रत्येकी अडीच टक्के. अडीच रुपये कर शंभरावर, तर एक रुपया कर चाळिसावर. म्हणून सीजीएसटीच्या आकड्याला चाळिसाने गुणावे, म्हणजे हॉटेलवाल्याने कर नेमका किती रकमेवर लावला ते कळते. पंचावन्न गुणिले चाळीस, बावीसशे. बिल स्वतःच्याच तोंडाने सांगत होते की, कर सूट देण्यापूर्वीच्या रकमेवर आकारला आहे.

हॉटेलने स्वतः दिलेली आणि बिलावरच छापलेली सूट ही किमतीतून आधी वजा व्हायची असते. कर उरलेल्या रकमेवर. 2,200 मधून 220 गेले, उरले 1,980. त्यावर अडीच टक्के म्हणजे साडेएकोणपन्नास, दोन्ही मिळून 99. एकूण 2,079. फरक अकरा रुपयांचा. जे 220 रुपये आम्ही दिलेच नाहीत, त्यांच्यावरचा कर मात्र आम्ही दिला होता.

इथे घाई मात्र करू नये. सूट हॉटेलची नसून एखाद्या बँकेच्या कार्डाची असेल, आणि ती रक्कम बँक हॉटेलला भरून देणार असेल, तर हॉटेलला पूर्ण किंमत मिळालेलीच असते. मग पूर्ण रकमेवरचा करही योग्यच. म्हणून सुटीचा आकडा पाहण्याआधी तिचे नाव वाचावे. आमच्या बिलावर हॉटेलचेच नाव होते.

"तीन रुपये सदुसष्ट पैशांसाठी माझ्या भावाचा हिशेब तपासता?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. आवाजातला धोका मला कळला. मी म्हटले, "भावाचा नव्हे, हॉटेलचा. ज्याने खिशातून पैसे भरले त्याच्यावर उगीच संशय राहू नये, म्हणून तर तपासायचे." हे उत्तर त्यांना पटले असे मी म्हणणार नाही, पण चहा आला.

चाळिसाच्या या पाढ्याने आणखी एक गोष्ट उघडी पडते. समजा, 2,200 च्याच जेवणावर सूट नाही, आणि सीजीएसटी साडेसाठ रुपये आहे. चाळिसाने गुणा: 2,420. हे वरचे 220 कुठून आले? वर पाहावे, तर दहा टक्के सेवा शुल्काची बारीकशी ओळ सापडते. तिच्यावरही कर बसला आणि बिल 2,310 ऐवजी 2,541 झाले. हे शुल्क म्हणजे सरकारी कर नव्हे. नाव मात्र असे भारदस्त की माणूस फसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते आपोआप बिलात घालू नये असे बजावले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. द्यायचे की नाही हे जेवणाऱ्याने ठरवायचे. ते काढायला सांगितले की त्यावरचा करही जातो.

उलट, चाळिसाने गुणून आलेली रक्कम वरच्या बेरजेपेक्षा कमी भरली तर लगेच भुवया चढवू नयेत. बिलात मद्य असेल तर ते या करात येतच नाही. त्यावर राज्याचा वेगळा कर असतो. बड्या निवासी हॉटेलांत दर अठरा टक्के असू शकतो, तिथे हा पाढा चालायचा नाही; छापलेला दर पाहूनच हिशेब करावा. आणि शेवटी रुपया पुरा करण्यासाठी पन्नास पैशांपर्यंतची वाढ-घट दिसली, तर ती चोरी नव्हे.

मेहुण्याने हॉटेलात फोन केला. "मशीनच तसा हिशेब करते, साहेब," असे उत्तर आले. मशीन बिचारे सांगितले तेवढेच करते. सूट कराच्या आधी धरायची की नंतर, हे कुणीतरी माणसानेच त्याला सांगितलेले असते. त्या आठवड्यात सूट मिळालेल्या प्रत्येक टेबलावर हेच घडले असणार. संध्याकाळी 2,079 रुपयांचे दुरुस्त बिल आणि वरचे अकरा रुपये आले.

हे बिल मात्र पुरे होते, डोक्यासकट. स्क्रीनशॉटमध्ये नेमके डोकेच कापले गेले होते. तिथे हॉटेलचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो; महाराष्ट्रातल्या हॉटेलचा असेल तर तो 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो घातला की हॉटेलचे नाव निघते, आणि ते नेहमीचे करदाते आहे की कंपोझिशन योजनेतले, हेही कळते. या योजनेतले छोटे हॉटेल आपला कर स्वतःच्या खिशातून भरते. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याचा त्याला अधिकारच नाही. तशा हॉटेलच्या बिलावर कराची ओळ दिसली, तर तिचे गणित कितीही अचूक असो, ती सगळीच्या सगळी चुकीची.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. जो पैसे भरील त्याने बिल वरच्या क्रमांकापासून शेवटच्या बेरजेपर्यंत पुरे पाठवावे. माझे मेहुणे आता स्वतःच चाळिसाने गुणून मग पाठवतात, आणि सासूबाईंना हा पाढा तोंडपाठ झाला आहे.