राम राम कोणी म्हणायचा?



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर काम करतो. लिहिण्याचा माझा संबंध म्हणजे एकादशीच्या भजनाची वही आणि शाळेत बाईंनी लावलेली शुद्धलेखनाची शिस्त, एवढाच. त्याच बाई एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. आमच्या वर्गातल्या मुलांनी ठरवले की निरोपाचे पत्र मी लिहायचे आणि ते बाईंच्या फोटोखाली छापून फ्रेम करून द्यायचे. "तू माळकरी आहेस, एखादा अभंग टाक," असे सगळ्यांचे म्हणणे पडले.

मला शोधावे लागलेच नाही. निरोप म्हटला की तुकोबारायांचा तो एक अभंग आपोआप ओठांवर येतो. आपण आता आपल्या गावी निघालो, असे सांगून महाराज सर्वांना राम राम करतात तो. तो मी पत्राच्या अगदी वर, बाईंच्या फोटोला लागून घातला आणि खाली आमच्या वतीने चार कृतज्ञतेच्या ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी छापायला द्यायचे होते.

रात्री भजनाला गेलो तेव्हा कागद आप्पांना दाखवला. आप्पा आमच्या भजनी मंडळातले सर्वांत जुने. देहूची बीज त्यांनी सहसा चुकवलेली नाही. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारले, "बाळा, हे कोण म्हणतंय?"

मी म्हणालो, "तुकोबाराय."

"ते झालंच. पण इथं, या कागदावर कोण म्हणतंय? तुम्ही पोरं म्हणताय, का बाई म्हणतायत?"

मी गप्प झालो. पत्र आमचे होते, पण शब्द जाणाऱ्याचे होते. मुले तर कुठेच चालली नव्हती. म्हणजे फोटोखालचे ते बोलणे बाईंच्याच तोंडी जात होते. आप्पा पुढे म्हणाले, "दुसरं चरण वाच आता. बाईंच्या फोटोखाली वाच."

दुसऱ्या चरणात महाराज म्हणतात की तुमची आमची भेट ती एवढीच, इथून पुढे जन्माचाच संबंध तुटला. वाचले आणि अंगावर काटा आला. दोन वर्षांपूर्वी बाई फार मोठ्या आजारातून उठल्या होत्या. त्यांच्या हसऱ्या फोटोखाली आम्ही हे छापून, हार घालून, टाळ्या वाजवत त्यांच्या हातात देणार होतो. पहिले चरण तेवढे ओळखीचे, म्हणून पुढचे कधी मन लावून ऐकलेच नव्हते.

आप्पांनी मग टाळ बाजूला ठेवले आणि तो अभंग जिथला आहे तिथे मला नेले. फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे इसवी सन १६५०. आपण जिला तुकाराम बीज म्हणतो तो दिवस. आजही त्या तिथीला देहूत भर दुपारी नांदुरकीच्या झाडाखाली हजारो माणसे जमतात आणि फुले उधळतात, ती महाराजांच्या वैकुंठगमनाच्या क्षणासाठी. हा अभंग त्या प्रयाणाच्या वेळचा मानला जातो. नोकरी सोडणाऱ्याचा किंवा गाव बदलणाऱ्याचा हा निरोप नव्हे. देह आणि जन्म यांचाच तो निरोप आहे. म्हणून त्यातले 'गाव' म्हणजे देहू नव्हे, ते वैकुंठ. देहूत आपण पाहुणे होतो आणि आता घरी चाललो, असा त्याचा भाव.

"आणि शेवट बघ," आप्पा म्हणाले. "एवढा मोठा माणूस जाताना काय मागतो? तुमची दया असू द्या म्हणतो, तुमच्या पाया पडतो म्हणतो. आणि मागं राहणाऱ्यांना एकच सांगतो, मुखानं नाम घ्या. आपल्याला काम दिलंय ते हे. राम राम त्यांनी केलाय, आपण तो घ्यायचा. तोच शब्द उचलून आपण त्यांना कसा म्हणणार?"

मला वाटले, मग अभंग काढूनच टाकावा. पण आप्पांनी प्रयाणाच्याच अभंगांपैकी दुसरा एक आठवून दिला. त्यात महाराज सर्वांना आपली बोळवण करायला सांगतात आणि मग तुम्ही घरी परता म्हणतात. बोळवण हा शब्द लेकीचा. लेक सासरी निघाली की गावाच्या शिवेपर्यंत माणसे तिच्याबरोबर जातात, डोळे पुसतात आणि माघारी फिरतात. त्या अभंगात महाराज निघालेल्या लेकीसारखे बोलतात, आणि निघता निघता मागे राहणाऱ्यांचे कल्याण असो असा आशीर्वादही देतात. म्हणजे मागे राहणाऱ्यांची जागा तिथे नेमून दिलेली आहे: शिवेपर्यंत जायचे, आशीर्वाद घ्यायचा आणि परतून आपापल्या कामाला लागायचे.

रात्री घरी येऊन मी पत्र पुन्हा लिहिले. फोटोखाली अभंग ठेवला नाही. आमच्या बाजूचे जे होते तेवढेच लिहिले:

"बाई, तुकोबारायांनी निघताना गावकऱ्यांना बोळवण करायला सांगितली होती. तो निरोप वैकुंठाचा होता; तुमचा तसा नाही, तुम्ही आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहणार आहात. पण बोळवणीची रीत आम्ही त्यांच्याकडून घेतो. शाळेच्या फाटकापर्यंत तुमच्याबरोबर येतो. तुमचा आशीर्वाद घेतो. आणि माघारी जाऊन तुम्ही शिकवलेले नीट करतो. चुकले तर दारात येऊन उभे राहू. वही तपासून द्या."

समारंभात मी ते वाचले. बाईंनी कागद हातात घेतला, पुन्हा एकदा स्वतः वाचला आणि सवयीने 'आशीर्वाद'मधली दुसरी वेलांटी तपासली. मग म्हणाल्या, "मला भीती होती, तू तो निरोपाचा अभंग घालशील. गेल्या महिन्यात एकांच्या सत्काराला तो ऐकला आणि मला आपलं इस्पितळच आठवलं." मी आप्पांचे नाव सांगून टाकले. काल रात्रीपर्यंत तो कागदावर होता हेही सांगितले. बाई हसल्या, पण डोळे भरले होते.

परतताना आप्पांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी संताजी महाराज जगनाड्यांची आठवण काढली. संताजी आपल्या चाकणचे, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी, अभंग लिहून ठेवणारे. परंपरा सांगते की सुदुंबऱ्यात त्यांचे देहावसान झाले तेव्हा कितीही माती टाकली तरी मुख झाकेना. दिलेल्या वचनासाठी तुकोबा आले, त्यांनी मूठमाती दिली, तेव्हा ते झाकले. जन्माचा संबंध तुटला म्हणणारेच शब्द पाळायला परत आले.

आप्पा एवढेच म्हणाले, "निरोप जाणाऱ्यानं घ्यायचा असतो. लिहून ठेवणाऱ्यानं लिहीत राहायचं."

राम कृष्ण हरी.